भाव वाढला, मग पुरवठ्याचं काय झालं?

‘अवकाळी पावसाने कांद्याचे पीक खराब झाले, म्हणून पुरवठा घटला. पुरवठा घटला म्हणून भाव वाढला. भाव वाढला म्हणून पुरवठा वाढला. पुरवठा वाढला म्हणून भाव पुन्हा उतरला.’ अर्थशास्त्राच्या उत्तरपत्रिकेत अशी साखळी हमखास सापडते. त्यातलं एकेक वाक्य सुटं वाचलं तर त्यात खोट दिसत नाही. चारही वाक्यं एकापुढे एक ठेवली की मात्र शेवटी पुरवठा घटला की वाढला, भाव चढला की उतरला, काहीच हाती लागत नाही. विद्यार्थी आळशी असतो म्हणून असं होत नाही. दोन वेगळ्या हालचाली तो एकच समजतो, म्हणून होतं.

हा गुंता सोडवायला निफाड तालुक्यातल्या बारावीच्या दोन मैत्रिणी कल्पू. सुवर्णाच्या घरी कांदा पिकतो, तन्वीच्या घरी तो विकत आणला जातो. उद्या पहिल्याच तासाला पुरवठ्याच्या प्रकरणावर चाचणी आहे आणि दोघी सुवर्णाच्या ओट्यावर वह्या उघडून बसल्या आहेत.

“विस्तार, संकोच, वृद्धी, ऱ्हास,” तन्वी म्हणाली. “चारही व्याख्या पाठ आहेत माझ्या. पण विस्तार म्हणजेही वाढच आणि वृद्धी म्हणजेही वाढच. प्रश्न समोर आला की कुठला शब्द लिहायचा ते कळत नाही.”

“शब्द नंतर बघू. पुरवठा वक्र म्हणजे काय ते आधी सांग.”

“डावीकडून उजवीकडे वर जाणारी रेघ. भाव वाढला की पुरवठा वाढतो, ते दाखवणारी.”

“रेघ झाली गं, पण ती कशाची? हे बघ, बाबा रात्री मोबाइलवर बाजार समितीतला भाव बघतात आणि मग उद्या किती ट्रॉल्या भरायच्या ते ठरवतात. तू त्यांना आत्ता विचारलंस, ‘काका, हजार भाव असेल तर किती माल न्याल? दीड हजार असेल तर किती? दोन हजार असेल तर?’ तर ते तिन्ही उत्तरं देतील. प्रत्यक्षात उद्या भाव एकच निघणार आहे, पण उत्तरं तिन्ही आजच तयार आहेत. तालुक्यातल्या सगळ्या शेतकऱ्यांची अशी उत्तरं एकत्र केली की जी यादी होते, तिचं चित्र म्हणजे पुरवठा वक्र.”

सुवर्णानं वहीत यादी लिहिली. आकडे हिशेब सोपा व्हावा म्हणून घेतलेले. भाव क्विंटलला १००० रुपये असेल तर बाजारात ८००० क्विंटल कांदा येईल, १५०० असेल तर १०,००० आणि २००० असेल तर १२,०००.

“आता समज, काल भाव १५०० होता आणि आज २००० झाला. यादीत काय बदललं?”

“१०,०००चे १२,००० झाले.”

“यादी बदलली का, असं विचारतेय मी.”

तन्वीनं वहीकडे पाहिलं. “नाही. यादी तीच आहे. आपण दुसऱ्या ओळीवरून तिसऱ्या ओळीवर आलो.”

“हाच विस्तार. तिसऱ्या ओळीवरून खाली आलो तर संकोच. वक्र जागचा हलत नाही, आपण त्याच्यावरून चालतो.”

इथे थोडं थांबायला हवं, कारण या एका मुद्द्यावर बाकीचं सगळं उभं आहे. आकृतीत उभ्या अक्षावर कांद्याचा भाव असतो आणि आडव्या अक्षावर कांद्याचं प्रमाण. कांद्याचा भाव हा आकृतीच्या आतला घटक आहे. तो बदलला तर त्याचा परिणाम दाखवायला त्या वक्रावरच जागा आहे, नवी रेघ काढावी लागत नाही. पाऊस, मजुरी, खतांच्या किमती, डिझेल, वाण, मक्याला किंवा सोयाबीनला मिळणारा भाव, सरकारी कर, शेतकऱ्यांची संख्या यांतलं काहीही त्या दोन अक्षांवर नाही. यांपैकी काही बदललं की जुन्या रेघेवर ते दाखवायची सोयच नसते, म्हणून सगळी रेघ नव्यानं काढावी लागते. ‘इतर परिस्थिती स्थिर असताना’ हे शब्द मुलं घोकतात, पण त्यांचा अर्थ एवढाच आहे: हा वक्र काढताना या सगळ्या गोष्टी एका जागी धरून ठेवल्या होत्या.

“आता पाऊस आण,” तन्वी म्हणाली.

“आणते. बाजारात यायच्या आधीच बराच कांदा भिजला, सडला. आता शेतकऱ्यांना तेच प्रश्न पुन्हा विचार. हजार भावाला पूर्वी ८००० क्विंटल यायचे, आता ४००० येतील. १५०० ला १०,००० ऐवजी ६०००. २००० ला १२,००० ऐवजी ८०००. भाव कुठलाही घे, माल ४००० क्विंटलनं कमी.”

“म्हणजे अख्खी यादीच खोडून दुसरी लिहिली.”

“आणि आकृतीत पूर्ण वक्र डावीकडे सरकला. हा ऱ्हास. बियाणं चांगलं निघालं, पाऊसपाणी मनासारखं झालं आणि प्रत्येक भावाला जास्त माल यायला लागला तर वक्र उजवीकडे जाईल, ती वृद्धी.”

“मग ती साखळी? पुरवठा घटला म्हणून भाव वाढला, भाव वाढला म्हणून पुरवठा वाढला?”

“तिच्यात कांदा घेणारे कुठेच नाहीत. त्यांचीही यादी मांडू, म्हणजे कळेल.”

घेणाऱ्यांची यादी अशी: भाव १००० असेल तर व्यापारी मिळून १२,००० क्विंटल घेतील, १५०० असेल तर १०,००० आणि २००० असेल तर ८०००. पावसाआधी १५०० या भावाला आणणारे आणि घेणारे दोघेही १०,००० वर जुळत होते, म्हणून भाव तिथे टिकला होता. पावसानंतर त्याच १५०० ला घेणाऱ्यांना १०,००० क्विंटल हवेत आणि बाजारात येऊ शकतात फक्त ६०००. लिलावात ४००० क्विंटलची तूट पडली, बोली चढू लागली.

“चढत चढत कुठे थांबेल?” सुवर्णानं विचारलं.

तन्वीनं दोन्ही याद्यांवर बोट फिरवलं. “२००० वर. नव्या यादीत २००० ला ८००० क्विंटल येतात आणि घेणारेही ८०००च घेतात.”

“आता सांग, ६०००चे ८००० कसे झाले?”

“भाव वाढला म्हणून... म्हणजे विस्तार! पण नव्या वक्रावरचा.”

“बरोबर. पावसानं वक्र डावीकडे ढकलला, त्यात ४००० क्विंटल गेले. भाव चढला तसं शेतकऱ्यांनी राहिलेल्या मालातला आणखी २००० क्विंटल बाहेर काढला. बाजारात येणारा माल १०,००० वरून ८००० वर आला. दोन्ही हालचाली खऱ्या आहेत, पण त्यांचा क्रम ठरलेला आहे आणि त्या वेगवेगळ्या रेघांच्या आहेत.”

“आणि ‘पुरवठा वाढला म्हणून भाव पुन्हा उतरला’, हे?”

“ते होत नाही. हे २००० क्विंटल भाव चढला म्हणूनच आलेत. भाव उतरला तर ते पुन्हा चाळीत जातील. भाव खाली यायला परत एकदा अख्खा वक्र उजवीकडे जायला हवा, नाहीतर मागणी कमी व्हायला हवी.”

त्या साखळीतली तिसरी पायरी वक्रावरची आहे आणि चौथी पायरी ती वक्र सरकल्यासारखी वाचते. गोची नेमकी तिथे आहे. विस्तार आणि वृद्धी यांच्या व्याख्या शेजारी शेजारी छापून त्यांतला फरक तक्त्यात दिला की विद्यार्थ्याला वाटतं, प्रत्येक घटनेला यांतलं एकच लेबल लागतं. खऱ्या बाजारात पुरवठा सरकण्याच्या जवळजवळ प्रत्येक घटनेत दोन्ही हालचाली असतात. शिकवताना वेळ द्यायला हवा तो या दुपदरी हिशेबाला, असं माझं ठाम मत आहे.

तन्वीला आता हुरूप आला होता. “दुसरं उदाहरण मी करते. पाऊस नाही, पीक चांगलं आहे, पण बाहेरून मागणी आली. घेणारे प्रत्येक भावाला ४००० क्विंटल जास्त मागायला लागले. १५०० ला त्यांना १४,००० हवेत, २००० ला १२,०००. आपली पहिली यादी २००० ला १२,००० आणते. म्हणजे भाव २००० आणि माल १२,०००.”

“यात पुरवठा वक्र हलला?”

“हलला नाही. सरकला तो मागणीचा वक्र. पुरवठ्याच्या बाजूला नुसता विस्तार. अगं, पण भाव दोन्ही वेळा २०००च निघाला!”

“हो ना. पावसातही २००० आणि तेजीतही २०००. एकात माल ८०००, दुसऱ्यात १२,०००.”

मग तन्वीनं पावसाची आकृती काढायला घेतली आणि काढता काढता म्हणाली, “पुरवठा कमी झाला, म्हणजे वक्र खाली.” सुवर्णानं तिचा हात धरला. ही चूक इतकी सर्रास होते की तिच्याबद्दल थोडं सांगायलाच हवं. वर चढणारी रेघ डावीकडे सरकली की कागदावर ती आधीपेक्षा वर दिसते, उजवीकडे सरकली की खाली. म्हणजे पुरवठ्यातला ऱ्हास डोळ्यांना वर गेल्यासारखा दिसतो. कमी म्हणजे खाली या सवयीनं रेघ काढली तर पाऊस पडून कांदा स्वस्त झाल्याचं चित्र तयार होतं. त्यामुळे वक्राबद्दल बोलताना वर आणि खाली हे शब्दच टाळावेत. एखाद्या भावावर आडवी पट्टी धरावी आणि त्या भावाला माल पूर्वीपेक्षा डावीकडे आला की उजवीकडे, एवढंच पाहावं.

“आता फसवा प्रश्न घे,” सुवर्णा म्हणाली. “बाबांनी या आठवड्यात चाळीतला कांदा काढलाच नाही. संकोच की ऱ्हास?”

“का काढला नाही त्यांनी?”

“छान! पुस्तकात शोधायच्या आधी हाच प्रश्न विचारायचा.”

या प्रश्नामागे कांद्याच्या हंगामाचं गणित आहे. रब्बीचा उन्हाळ कांदा साधारण मार्च ते मे या काळात काढला जातो आणि तो टिकतो, म्हणून चाळीत भरून पुढचे काही महिने थोडा थोडा विकता येतो. खरिपाचा लाल कांदा मात्र साठवणुकीला टिकत नाही, तो काढला की विकावाच लागतो. त्यामुळे भाव पाहून माल आणण्याची किंवा थांबवण्याची मोकळीक उन्हाळ कांद्याला जास्त, लाल कांद्याला फारच कमी. लाल कांद्याचा पुरवठा वक्र म्हणूनच उभट असतो. भाव पडला तरी शेतकऱ्याला ट्रॉली भरावी लागते आणि त्याचं खरं हाल इथेच होतं.

चाळीतला सगळा कांदा हा साठा. त्यातला आजच्या भावाला विकायला काढलेला तेवढा पुरवठा.

“आज भाव १५०० वरून १००० झाला, परवडत नाही म्हणून बाबा थांबले, तर?” सुवर्णानं विचारलं.

“त्याच कांद्याचा आजचा भाव बदलला. संकोच.”

“आणि आज भाव १५००च आहे, पण पुढच्या महिन्यात दोन हजाराच्या वर जाईल असं सगळे म्हणतात, म्हणून थांबले, तर?”

तन्वी जरा वेळ गप्प राहिली. “यातही कारण भावच आहे की.”

“कुठला भाव? उभ्या अक्षावर आजचा भाव आहे. पुढच्या महिन्याचा अंदाज त्या अक्षावर नाही.”

“मग आज हजार असो, दीड हजार असो, दोन हजार असो, प्रत्येक भावाला ते आधीपेक्षा कमीच आणतील. वक्र डावीकडे. ऱ्हास!”

“आणि चाळ तर भरलेलीच आहे. पीक काही सडलेलं नाही. ऱ्हास म्हटलं की नासाडीच असायला हवी असं नाही.”

चाचणीत गुण जातात ते बहुधा इथेच. ‘भाव’ हा शब्द वाचला की वक्रावरची हालचाल, असं ठोकताळ्यानं उत्तर लिहिलं जातं. खताचा भाव, मजुरीचा दर, मक्याचा भाव, उद्याचा अपेक्षित भाव हे सगळे भावच आहेत, पण यांपैकी एकही कांद्याच्या आकृतीच्या अक्षावर नाही. ते बदलले की वक्र सरकतो.

शेवटचा प्रश्न तन्वीनं काढला, आणि तो नाशिक जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही. केंद्र सरकारनं ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावलं, ऑक्टोबरच्या अखेरीस टनामागे ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य ठरवलं आणि डिसेंबरमध्ये निर्यातच बंद केली. ती बंदी ४ मे २०२४ रोजी उठली. “निर्यातबंदीनं पुरवठा वक्र सरकला का?”

“बाजार कुठला, त्यावर आहे,” सुवर्णा म्हणाली. “आमच्या बाजार समितीतला लिलाव घे. बंदी आली म्हणून बाबांच्या शेतात कांदा कमी पिकला नाही की जास्त. त्यांची यादी तीच. पण परदेशी माल पाठवणारे व्यापारी बोलीतून गेले. घेणारे प्रत्येक भावाला ४००० क्विंटल कमी घेतात असं धर, म्हणजे १००० ला १२,००० ऐवजी ८०००. शेतकरीही हजाराला ८०००च आणतात. भाव १५०० वरून १००० वर, माल १०,००० वरून ८००० वर. मागणीचा वक्र डावीकडे आणि पुरवठ्याचा नुसता संकोच.”

“पण दिल्लीतल्या किंवा मुंबईतल्या गिऱ्हाइकाच्या बाजाराची आकृती काढली तर? बाहेर जाणारा कांदा देशातच राहिला. तिथे प्रत्येक भावाला जास्त कांदा मिळायला लागला. तिथे पुरवठा वक्र उजवीकडे.”

“दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. भाव दोन्हीकडे पडतो. फक्त कुठल्या बाजाराची आकृती काढतोय ते पहिल्या ओळीत लिहायचं.”

आपल्या वृत्तपत्रांतल्या चर्चेत हा तपशील फार क्वचित येतो. शहरात ‘पुरवठा वाढला’ अशी बातमी होते, आणि त्याच दिवशी लिलावात मागणी कोसळलेली असते. एकाच निर्णयाचे हे दोन वक्र आहेत, आणि त्यातला तोटा कुणाच्या पदरी पडला ते लिलावाची आकृती काढल्याशिवाय दिसत नाही.

वक्र आणि वक्रावरचे बिंदू यांत गल्लत करणारे सगळे विद्यार्थीच असतात असंही नाही. १९१४ मध्ये अमेरिकेतले अर्थशास्त्रज्ञ हेन्री मूर यांनी कच्च्या लोखंडाचे भाव आणि विक्रीचे आकडे मांडले. भाव वाढला तशी विक्रीही वाढत गेलेली दिसली, म्हणून आपल्याला वर चढणारा मागणी वक्र सापडला असं त्यांनी जाहीर केलं. पुढच्याच वर्षी फिलिप राइट यांनी त्यांच्या पुस्तकाच्या परीक्षणात चूक दाखवली. उद्योगांच्या भरभराटीत मागणीचा वक्र पुढे सरकतो, मंदीत मागे येतो आणि पुरवठ्याचा वक्र त्यामानानं जागेवर राहतो. मूर यांचे बिंदू त्या जागेवर राहिलेल्या रेघेवरचे होते. मागणी म्हणून त्यांनी जे काढलं होतं तो बहुतांशी पुरवठा वक्रच होता.

मूर यांची ती चूक टाळायला एक साधी खूण उपयोगी पडते. भाव आणि आवक एकाच दिशेनं गेली, दोन्ही वाढली किंवा दोन्ही घटली, तर हललेली बाजू मुख्यतः मागणीची असते आणि पुरवठ्यात विस्तार किंवा संकोच झालेला असतो. भाव एका दिशेला आणि आवक दुसऱ्या दिशेला गेली तर मुख्यतः पुरवठा वक्र सरकलेला असतो. दोन्ही वक्र एकाच वेळी हलले तर ही खूण धूसर होते. दिवाळीच्या तोंडावर मागणी वाढलेली असताना पावसानं लाल कांदा लांबला तर भाव चढणार हे नक्की, पण आवक कमी होईल की जास्त हे कुठली बाजू जास्त सरकली त्यावर ठरेल.

नाशिककडच्या वृत्तपत्रांत बाजार समित्यांची आवक आणि भाव शेजारी शेजारी छापून येतात. ‘कांदा दोन हजारांवर’ एवढाच मथळा वाचून पुरवठा घटला की मागणी वाढली हे ठरवू नका. भावाच्या शेजारचा आवकेचा आकडा वाचा आणि तो आठवड्यापूर्वीच्या आकड्याशी ताडून पाहा.